एक्स-डेटच्या आदल्या दिवशी विकलेल्या कॉलचे काय करावे?

प्रश्न: मी अमेरिकेत राहतो. एका शेअरचा ४० डॉलरचा कॉल घेतला आहे आणि ४५ चा विकला आहे. शेअर ५२ वर आहे, मुदत संपायला तीन आठवडे आहेत. परवा ५० सेंट लाभांशाची एक्स-डेट आहे. असाइनमेंट आधीच येईल का? आली तर तोटा किती?

उत्तर: मुदतीआधीच असाइनमेंट, म्हणजे विकलेल्या कॉलप्रमाणे शेअर देण्याची जबाबदारी, येण्याची शक्यता मोठी आहे. एनएसईवरील शेअर-ऑप्शन्स २०११ पासून युरोपियन पद्धतीचे, म्हणजे फक्त मुदत संपतानाच वापरता येणारे, असल्यामुळे तिकडून आलेल्यांना ही सवय नसते. अमेरिकेत मात्र शेअरच्या कॉलचा, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याच्या हक्काचा, धारक मुदतीपूर्वी कोणत्याही दिवशी हक्क बजावू शकतो.

तो कधी बजावेल, हे त्याच स्ट्राइकच्या, म्हणजे त्याच ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क देणाऱ्या, पुटच्या भावावरून कळते. एक्स-डेटच्या आधी कॉल वापरला की धारकाला लाभांश मिळतो; एक्स-डेटपासून शेअर घेणाऱ्याला तो मिळत नाही. पण उरलेल्या मुदतीचे संरक्षण, म्हणजे ४५ च्या पुटची किंमत, आणि ४५ डॉलरवरील तीन आठवड्यांचे व्याज त्याच्या हातून जाते. पुट ५ सेंटला असेल आणि व्याजदर चार टक्क्यांच्या आसपास असेल, तर ही किंमत सुमारे १५ सेंट होते. ५० सेंटांसाठी १५ सेंट सोडायला जाणता धारक कचरणार नाही.

आता तोट्याकडे वळू. दोन्ही कॉल इतके आत, म्हणजे त्यांचे स्ट्राइक शेअरच्या भावाच्या बरेच खाली, असल्याने ५ डॉलरची कमाल रक्कम पक्की झाली, असे वाटते. पण उद्या रात्री ४५ चा कॉल वापरला गेला, तर त्याची सूचना तुम्हाला एक्स-डेटच्या सकाळी मिळेल. तोवर तुमच्या नावावर उसने विकलेले शेअर लागलेले असतील आणि त्यांवरील ५० सेंट लाभांश तुम्हाला भरावा लागेल. शेअर ५१.५० वर उघडला, तर ४० चा कॉल सुमारे ११.५० चा उरेल, शेअर परत घेण्यात ६.५० जातील आणि लाभांशाचे ०.५० वजा होतील, हाती ४.५० राहतील. म्हणजे १०० शेअरच्या प्रत्येक करारामागे ५० डॉलर गेले. त्या सकाळी ४० चा कॉल वापरून उपयोग नाही, कारण लाभांशाचा हक्क आदल्या दिवशीच संपलेला असतो.

म्हणून उद्या बाजार बंद होण्यापूर्वी दोन्ही बाजू एकत्र बंद करा. ४.९० मिळाले तरी घ्या. खोल आतल्या कॉलमध्ये खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर रुंद असते, तेव्हा मर्यादित भावाचीच ऑर्डर द्या. दुसरा मार्ग म्हणजे उद्याच ४० चा कॉल वापरण्याची सूचना देणे. त्यासाठी करारामागे ४,००० डॉलरची सोय हवी आणि ब्रोकरची वेळमर्यादा आधी विचारून घ्यायला हवी. मग असाइनमेंट आली तर शेअर शेअरला भिडतील, न आली तर लाभांश तुम्हालाच मिळेल.

ओसीसी ही अमेरिकेतील ऑप्शन्सचे व्यवहार पूर्ण करणारी संस्था असाइनमेंट ब्रोकरांमध्ये यादृच्छिक पद्धतीने वाटते आणि काही धारक हक्क बजावायला विसरतातही, त्यामुळे तुमचे काही करार सुटू शकतात. त्या भरवशावर मी मात्र थांबणार नाही.