चेहऱ्यावरचे मस घरी जाळायचा विचार असेल तर

"गालावर बारीक चपटे, त्वचेच्याच रंगाचे दाणे आलेत, कानशिलावर काळपट खरखरीत डाग आहे आणि पापणीवर एक मस लोंबतोय. चामखिळीचे थेंब लावून घरीच काढू का?"

नका काढू. मी डॉक्टर नाही, पण माझ्या चेहऱ्यावर हे तिन्ही होतं आणि मी तेच थेंब कानशिलावरच्या डागाला लावले होते. दोन दिवसांत जाड काळी खपली धरली. आंघोळीनंतर ती नखाने उचलली तर खाली ओला लाल खळगा. खळगा भरला, पण भोवतीचं काळं वर्तुळ वर्षभर गेलं नाही.

खरं महागात पडलं ते पुढे. तो डाग मुळात काय होता, हे कोणालाच सांगता येईना. असा काळपट खरखरीत डाग सेबोऱ्हिक केराटोसिस असू शकतो; तो निरुपद्रवी असतो, मेण चिकटवल्यासारखा दिसतो, पण कधीकधी मेलानोमा हा कर्करोगही तसाच दिसतो. डॉक्टरांनी खरवडून काढलेला तुकडा तपासायला पाठवता येतो, आम्लाने जाळलेला कसा पाठवणार? शेवटी उरलेल्या कडेची बायोप्सी झाली. निकाल साधा आला, पण तोवरच्या रात्री झोपेविना गेल्या.

त्याआधीच्या क्लिनिकमध्ये डर्मोस्कोप हे त्वचा बघायचं भिंग न लावताच "सगळे एका बैठकीत जाळून टाकू" म्हणाले होते. माझं मत स्पष्ट आहे: भिंगातून न बघता यंत्र हातात घेणाऱ्याकडून उठून यावं.

कारण तिन्हींचं काम वेगळं. चपटे दाणे एचपीव्ही विषाणूचे असतात. रेझरच्या बारीक ओरखड्यांतून ते पसरतात. माझ्या जबड्यावर एका रेषेत अकरा उगवले होते. मला रात्री लावायचं ट्रेटिनॉइन क्रीम दिलं (गरोदरपणात ते चालत नाही) आणि रेझर बंद करून ट्रिमर वापरायला सांगितलं. तीन महिन्यांत बहुतेक गेले. ते कधीकधी आपोआपही जातात, म्हणून चेहऱ्यावर जोरकस उपाय करायची घाई नको. लोंबता मस बधिर करून कात्रीने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने काही मिनिटांत निघतो, पण तुमचा पापणीवर आहे. तिथे थेंब ओघळला तर थेट डोळ्यात. दोरा बांधायचाही प्रयोग करू नका.

केराटोसिस काढायचाच असेल तर द्रव नायट्रोजनने गोठवणं किंवा हलकं जाळून खरवडणं, असे पर्याय असतात. तुमचा रंग सावळा असेल तर गोठवण्याआधी नीट विचारा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थंडीने इतर पेशींच्या आधी मरतात, आणि पांढरा डाग कायमचा राहू शकतो. मी आधी कानामागच्या एका ठिपक्यावर करून बघायला सांगितलं. तिथे फिकट डाग उरला, म्हणून कानशिलाचं उरलेलं खरवडून घेतलं.

डाग रक्ताळत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील किंवा अलीकडे रंग बदलला असेल, तर अपॉइंटमेंट घेताना तेच आधी सांगा, म्हणजे लवकरची वेळ मिळेल.