ज्योतीखालच्या काँक्रीटचं तापमान: आधी √t बघा

ज्योतीचा मारा सुरू झाला की पृष्ठभाग किती तापेल, हे काढताना बरेच नवखे थेट संगणकाकडे धावतात. आधी हे एका ओळीचं सूत्र वापरा:

```
ΔT = 2q √( t / (π k ρ c) )
```

काँक्रीटचा जाड ठोकळा घ्या: उष्णतावाहकता k = 1.4, घनता ρ = 2300, विशिष्ट उष्मा c = 880, सगळं एसआय एककांत. चौरस मीटरला q = 50 किलोवॉट उष्णता आत शिरत असेल, तर 60 सेकंदांत पृष्ठभाग सुमारे 260 अंशांनी चढतो. 120 सेकंदांत 520 होईल असं वाटतं ना? नाही, त्याला 240 सेकंद लागतात. वेळ चौपट, तेव्हा वाढ दुप्पट.

पण 240 सेकंदांच्या उत्तरावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सुरुवातीला 20 अंशांवर असलेला पृष्ठभाग तोवर 540 अंशांच्या आसपास पोचलेला असतो आणि स्वतःच चौरस मीटरला वीसेक किलोवॉट उत्सर्जित करत असतो. म्हणजे q स्थिर उरलाच नाही. खरं तापमान बरंच कमी येणार.

दुसरी अट जाडीची. उष्णता साधारण 4√(αt) खोल पोचते, इथे α = k/(ρc). या काँक्रीटमध्ये 60 सेकंदांत 26 मिलिमीटर, त्यामुळे 100 मिलिमीटरचा ठोकळा बिनधास्त चालतो. 10 मिलिमीटरच्या साध्या पोलादी पत्र्यात मात्र ती अर्ध्या सेकंदात मागच्या बाजूला पोचते. तिथे हे सूत्र विसरा.

मोजलेलं तापमान √t समोर मांडा. रेषा खाली वाकली तर पृष्ठभागावरून उष्णता निसटतेय. वर वाकली तर बहुधा जाडी संपलीय.