संज्ञा उचलली जाते, व्याख्या मागे राहते

प्रश्न: एम.ए.च्या प्रबंधात 'संस्कृतीकरण' हा शब्द वापरताना दर वेळी एम. एन. श्रीनिवास यांचे नाव द्यावे लागते का? आता तो सगळ्यांचाच शब्द झाला आहे ना?

दर वेळी नाही. मात्र ज्या परिच्छेदात तुम्ही या संज्ञेच्या आधारे काही सिद्ध करू पाहता, तिथे नाव आणि साल दोन्ही द्या. सालाचा आग्रह अशासाठी की श्रीनिवासांनी आपली कल्पना स्वतःच बदलत नेली. १९५२ साली कूर्गमधील लोकांवरच्या त्यांच्या ग्रंथात खालच्या मानल्या गेलेल्या जातींनी शाकाहार, मद्यत्याग आणि ब्राह्मणी आचार स्वीकारून वर सरकण्याची प्रक्रिया होती. १९६६ च्या व्याख्येत आदिवासी व इतर समूहही आले आणि अनुकरणाचा आदर्श ब्राह्मणच असावा ही अट सैल झाली. एखाद्या जातीने क्षत्रिय असल्याचा दावा करून आचार बदलले, तर पहिल्या व्याख्येत ते उदाहरण अवघडून बसते, दुसरीत सहज मावते. नुसते 'संस्कृतीकरण' लिहिणाऱ्याने यांतली कोणती व्याख्या घेतली, हे परीक्षकाने कुठून ओळखायचे?

या विषयावर मी एरवी लिहिले नसते, पण 'सगळ्यांचाच शब्द' हे तुमचे शब्द मला लागले, कारण नेमके हेच मला पूर्वी ऐकवले गेले आहे. माझा एम.ए.चा लघुप्रबंध सदाशिव आणि नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांवर होता. तिथे मला असे भाडेकरू भेटले, जे प्रत्यक्षात कोथरूडला राहत होते, पण वाड्यातली खोली त्यांनी सोडली नव्हती. दर रविवारी येऊन ते कुलूप उघडत, केर काढत, दिवा लावत आणि वीजबिल स्वतःच्याच नावावर येत राहील याची काळजी घेत. कारण उघड होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे सबळ कारण नसताना जागा सलग सहा महिने वापरली नाही, तर मालकाला ती परत मागता येते. शिवाय वाडा पाडून इमारत उभी राहिली की त्यांना त्यात सदनिका हवी होती. या वागण्याला मी 'कुलूपवास' म्हटले आणि तीन अटी घातल्या: राहणे दुसरीकडे, वापराचा पुरावा इथे, आणि डोळा पुनर्विकासावर.

चार वर्षांनी एका परिसंवादात एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या निबंधात हा शब्द शीर्षकातच दिसला. माझा लघुप्रबंध त्यांनीच तपासला होता. माझे नाव कुठेही नव्हते, ते एक वेळ सोडून दिले असते. पण त्यांनी परदेशी गेलेल्या मुलांचे बाणेरमधले बंद फ्लॅटसुद्धा कुलूपवासात घातले होते. तिथे ना भाडेकरू, ना मालकाचा धाक, ना पुनर्विकासाची वाट पाहणे. चहाच्या वेळी मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, कुलूपही मराठी आणि वासही मराठी, त्यात तुमचे काय?" त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. आज सुचते ते असे की शब्द दोन्ही जुनेच होते, माझ्या होत्या त्या तीन अटी, आणि नावाबरोबर त्या अटीच गळून पडल्या होत्या.

श्रीनिवासांच्याच 'व्होट बँक' या शब्दाचे असेच झाले. त्यांच्या १९५५ च्या लेखात या शब्दाचा रोख गावातल्या वजनदार माणसाच्या मुठीतल्या मतांवर होता. आज वर्तमानपत्रात तो एखाद्या जातीच्या किंवा धर्माच्या गठ्ठा मतांसाठी येतो. बातमीत त्यांचे नाव कोणी मागणार नाही आणि मागूही नये. प्रबंधात मात्र तुम्ही पाटलाच्या मुठीतल्या मतांबद्दल बोलत असाल, तर नाव न दिल्यास वाचक हमखास आजचा अर्थ घेईल. कल्पना इतकी रुळते की तिचा कर्ताच पुसला जातो, या घटनेलाही रॉबर्ट मर्टन यांनी स्वतंत्र संज्ञा दिली आहे. निदान या उत्तरात तरी त्यांचे नाव गाळणे मला शोभणार नाही.

तुमच्या मार्गदर्शकांनी तळटीप खोडली असेल, तर त्यांना १९५२ आणि १९६६ या दोन्ही व्याख्या शेजारी शेजारी ठेवून दाखवा आणि तुमचे उदाहरण कोणत्या व्याख्येत बसते ते सांगा. आदराचा मुद्दा काढू नका. त्यावर ज्येष्ठ मंडळी हसतात, हे मी अनुभवाने सांगतो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. नारायण पेठेतल्या एका आजींनी मला पहिल्याच भेटीत सांगितले होते, "आम्ही इथे कुलपाने राहतो हो." माझी संज्ञा त्या वाक्यातून आली. लघुप्रबंधाच्या तळटीपेत मी 'एक माहितीदार' एवढेच लिहिले. नाव गुप्त ठेवण्याचे वचन दिले होते हे खरे, पण ते वाक्य त्यांचे आहे, एवढे तरी लिहिता आले असते.