सहाशे अभिप्राय आणि एक शिफारस

प्रश्न : घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीसेवेबद्दल आम्ही सर्वेक्षण केलं. ‘आणखी काही सांगायचंय?’ या रकान्यात ६४० जणांनी लिहिलंय. विषय पाडायचे कसे, सुरुवात कुठून करू?

आधी शंभर अभिप्राय निवडा, पण वरचे पहिले शंभर नकोत. ते बहुधा फॉर्म येताच भरणाऱ्यांचे, म्हणजे एखाद्याच आठवड्यातल्या ग्राहकांचे असतात. स्प्रेडशीटमध्ये शेजारच्या रकान्यात `=RAND()` घाला, त्यावर सॉर्ट करा आणि मग वरचे शंभर घ्या.

हे शंभर सावकाश वाचा. प्रत्येकापुढे तक्रार किंवा कौतुक काय आहे ते शक्यतो ग्राहकाच्याच शब्दांत लिहा. मग सारख्या नोंदी एकत्र करा. विषय नीट पडलाय की नाही, हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो : हा गठ्ठा नेमका कोणाच्या टेबलावर पाठवायचा? ‘सेवा खराब’ हा गठ्ठा कोणाकडेच पाठवता येत नाही. ‘ठरलेली तारीख न कळवता बदलली’ हा पाठवता येतो.

प्रत्येक विषयाला चार ओळी द्या : नाव, यात काय धरायचं, काय धरायचं नाही, आणि एक खरं उदाहरण. तिसरी ओळ लोक गाळतात आणि पुढचे सगळे वाद तिथूनच सुरू होतात. वाचता वाचता सलग वीस-पंचवीस अभिप्रायांत नवा विषय निघेनासा झाला की यादी पुरेशी झाली. साधारण दहा-पंधरा विषय उरतात. उरलेले अभिप्राय या यादीने लावताना ‘इतर’चा गठ्ठा एक दशांशाच्या वर गेला, तर तो उघडून पुन्हा वाचा. त्यात एखादा विषय दडलेला असतो.

प्रश्न : एकाच अभिप्रायात दोन-तीन गोष्टी असतात. मग टक्के शंभरच्या वर जातात. साहेब म्हणतात, हिशेब चुकला.

हिशेब बरोबर आहे. फक्त टक्के कशाचे, हे तक्त्याखाली लिहायचं राहिलंय. समजा, एकाने लिहिलं, ‘कारागीर चांगला होता, पण दोनदा तारीख बदलली आणि फोन केला तर कोणी उचलत नाही.’ इथे तीन विषय आहेत आणि त्यातला एक कौतुकाचा आहे. प्रत्येक विषयाला स्वतंत्र रकाना ठेवा आणि लागू असेल तिथे १ लिहा. कौतुक आणि तक्रार यांचे रकाने वेगळे हवेत. नाहीतर ‘कारागीर : ११० उल्लेख’ एवढंच दिसतं आणि ती शाबासकी आहे की बोंब, हे कळत नाही.

एका माणसाने एकच तक्रार चार वाक्यांत लिहिली तरी तो १च. आपण माणसं मोजतो, वाक्यं नाही.

आता भाजक. ६४०पैकी ७० जणांनी ‘ओके’, ‘काही नाही’ असं लिहिलं असेल, तर ते बाजूला काढा आणि टक्के उरलेल्या ५७०वर काढा. ९७ जणांनी तारखेबद्दल लिहिलं, तर ‘मत लिहिणाऱ्यांपैकी १७ टक्के’ असं म्हणा. ‘१७ टक्के ग्राहक’ म्हणू नका. ज्यांनी रकाना रिकामा सोडला, त्यांचं मत आपल्याला ठाऊक नाही.

प्रश्न : ‘उशीर’ हा शब्द शोधून मोजला तर नाही का चालणार?

नाही. ‘तीन तास वाट पाहिली’ त्यात येणार नाही आणि ‘अजिबात उशीर झाला नाही’ येईल. हाताने लावताना एखादा विषय नजरेतून सुटला का, हे पडताळायला शब्दशोध वापरा.

प्रश्न : मी आणि सहकाऱ्याने तेच ८० अभिप्राय वेगवेगळे लावून पाहिले. तारखेच्या विषयावर ७० जुळले. पुरेसं आहे का?

७० पैकी ‘दोघंही हो’ किती, ते आधी बघा. समजा, दोघांनी ‘हो’ म्हटलेले १०, दोघांनी ‘नाही’ म्हटलेले ६०, आणि उरलेल्या दहांत पाच तुमचे, पाच त्यांचे. जुळणी ८७.५ टक्के दिसते, पण तिचा मोठा भाग विषय मुळातच नसलेल्या अभिप्रायांचा आहे. तुम्ही १५ ठिकाणी ‘हो’ म्हटलंत, त्यातली पाच सहकाऱ्याला पटलेली नाहीत.

यासाठी ‘कोहेनचा कप्पा’ हा जुळणी मोजणारा आकडा वापरतात. जेकब कोहेन यांनी तो १९६० साली मांडला. निव्वळ योगायोगाने होणारी जुळणी तो वजा करतो. वरच्या आकड्यांवर तो ०.५९ येतो. मला ०.७च्या खाली असेल तर पुढे जावंसं वाटत नाही.

पण आकड्यावर थांबू नका. न जुळलेले दहा अभिप्राय समोर ठेवून दोघं बसा. बहुतेकदा एकच रेघ अस्पष्ट असते. ‘कारागीर दोन तास उशिरा आला’ हे तुम्ही तारखेत टाकलंत आणि त्यांनी नाही. मग नियम लिहा : त्याच दिवशी आला तर ‘उशीर’, दिवस बदलला तरच ‘तारीख’. नियम बदलला की आधी लावलेले अभिप्रायही पुन्हा बघावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर अर्धा तक्ता एका नियमाने आणि अर्धा दुसऱ्या नियमाने होतो.

प्रश्न : वरिष्ठांना एकच शिफारस हवी आहे. सगळ्यात मोठा आकडा ‘दर जास्त’चा आहे. तीच द्यायची ना?

घाई करू नका. मोठा आकडा लोक काय बोलतात ते सांगतो. कशाने ते नाराज होतात, हे त्यात असेलच असं नाही. दराबद्दल बोलणं सोपं असतं, त्यामुळे समाधानी माणूसही ते लिहून जातो.

विषयांच्या शेजारी त्याच ग्राहकाने दिलेले गुण ठेवा. वरचंच उदाहरण पुढे नेऊ (आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत). पाचपैकी १ किंवा २ गुण देणारे सगळ्या ५७०मध्ये २६ टक्के आहेत. दराबद्दल लिहिणारे १२८, त्यांत असे २६ जण, म्हणजे २० टक्के. हे सरासरीपेक्षा कमीच. तारखेबद्दल लिहिणारे ९७, पण त्यांत असे ६३ जण, म्हणजे ६५ टक्के. नाराजी इथे साचलीय.

आता ते ९७ पुन्हा एकदा पूर्ण वाचा. ही पायरी मी कधीच सोडत नाही, कारण विषयाच्या नावावरून उपाय कळत नाही. समजा त्यात असं दिसलं की तारीख बदलल्याचाच राग असलेले २६ आहेत आणि ७१ जणांचा राग ‘कोणी सांगितलंच नाही, दिवसभर घरी बसून राहिलो’ याचा आहे. शिवाय ‘फोन उचलत नाहीत’ म्हणणाऱ्या ६१ जणांपैकी ३८ जण याच गठ्ठ्यात आहेत, म्हणजे ते फोन तारीख विचारायलाच करत होते. मग ‘आणखी कारागीर नेमा’ ही महागडी शिफारस गळून पडते आणि उरते ती अशी :

‘भेटीची तारीख बदलली तर आदल्या संध्याकाळपर्यंत ग्राहकाला नव्या तारखेसह संदेश जावा. जबाबदारी वेळापत्रक विभागाची. पुढच्या सर्वेक्षणात हाच विषय याच नियमाने पुन्हा मोजावा.’

काम, वेळ, माणूस आणि तपासणी, चारही त्यात हवं. खाली पाच-सहा ओळींचा तक्ता आणि दोन अवतरणं द्या. अवतरणं सगळ्यात जहाल निवडू नका, नेहमीची निवडा, आणि नाव, पत्ता, फोन काढून टाका. एक मर्यादाही लिहा : संदेश पाठवल्याने गुण वाढतीलच, हे या अभिप्रायांवरून सिद्ध होत नाही. नाराजी आणि न कळवणं एकत्र आढळतात, एवढंच दिसतं. जमल्यास आधी एकाच भागात करून बघा, असं सुचवा.

प्रश्न : एकाने लिहिलंय, दुरुस्तीनंतर मशीनला हात लावला की शॉक बसतो. असा अभिप्राय एकच आहे. कुठल्या विषयात घालू?

आधी तो सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसाकडे आजच पाठवा, अहवाल पूर्ण व्हायची वाट न बघता, आणि त्या ग्राहकाला मशीन बंद ठेवायला सांगितलं गेलं का, ते विचारा. मग तक्त्यात ‘सुरक्षा’ असा रकाना करून १ लिहा. इतका छोटा आकडा ‘इतर’मध्ये विरघळू देऊ नका. पुढचे सगळे अभिप्राय लावतानाही या रकान्यात काही पडलं, तर त्याच दिवशी कळवायचं, असा नियम अभिप्राय लावणाऱ्या प्रत्येकाला देऊन ठेवा.