फ्रॉक लांबीला तसाच, कमरेत मात्र घट्ट

"मॅडम, मुलगी आठ वर्षांची आहे. वर्गात बुटकी नाही, उंच मुलींतच धरतात. पण गेल्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेत घेतलेला फ्रॉक यंदाही लांबीला तसाच येतोय, कमरेत मात्र घट्ट झालाय. सासूबाई म्हणतात, वयात आली की एकदम वाढेल. थांबू का?"

थांबू नका, असं मी लगेच म्हटलं नाही. आधी जुने आकडे मागितले. ताईंनी तीन आणले: दवाखान्याची फाईल, शाळेचं आरोग्य कार्ड आणि दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणांचा मोबाईलवरचा फोटो. त्या खुणांप्रमाणे पोर चार महिन्यांत अर्धा सेंटिमीटर कमी झाली होती! विचारल्यावर कळलं, आधीची खूण सकाळची आणि नंतरची रात्री जेवणानंतरची. दिवसभर उभं राहून, खेळून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची अर्धा-एक सेंटिमीटर उतरते. शाळेत बूट घालूनच मोजलं होतं. हे दोन्ही आकडे मी बाजूला ठेवले.

फाईलमधले आकडे मात्र कामाचे होते, कारण ते आमच्याच भिंतीला पक्क्या बसवलेल्या स्टेडिओमीटरवर घेतलेले होते. सहाव्या वाढदिवसाला 117.0 आणि सातव्याला 122.6. म्हणजे त्या वर्षात 5.6 सेंटिमीटर, अगदी ठीक. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतात. आता तिला अनवाणी, क्लिपा आणि वेण्या सोडून, टाचा भिंतीला टेकवून तीनदा मोजलं. सरासरी 125.6 आली. मधे तेरा महिने गेले होते, तेव्हा हिशेब असा:

(125.6 − 122.6) × 12 ÷ 13 = 2.8

वर्षाला 2.8 सेंटिमीटर. या वयात चारच्या खाली आकडा आला की डॉक्टरांकडे पाठवायचं, चार ते पाचच्या मधे असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं, असा आमचा रिवाज आहे. मोजण्यात चूक झाली असेल का, ही शंका मलाही आली. समजा दोन्ही वेळा अर्धा-अर्धा सेंटिमीटर चुकलो, आणि तेही तिची वाढ कमी दिसेल असं. तरी वाढ चार सेंटिमीटरच भरते, म्हणजे वर्षाला 3.7. आकडा चारच्या वर काही जात नव्हता.

हाच हिशेब तीन महिन्यांच्या अंतरावर केला तर फसतो. एक बाबा असेच आले होते, "तीन महिन्यांत फक्त 0.6 वाढला, म्हणजे वर्षाला 2.4" म्हणत. तिथे चूकच वाढीएवढी असते, आणि चारने गुणलं की तीही चौपट होते. त्यांना सहा महिन्यांनी बोलावलं. मुलगा बुटका होता खरा, पण पाचाच्या वेगाने वाढत होता. आईवडीलही बुटकेच, त्याला काही करावं लागलं नाही.

इथे उलट होतं. मुलगी अजूनही सरासरीच्या वर होती, म्हणूनच कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं. आधीची शिल्लक संपायला वेळ लागतो, वेग मात्र आधी पडतो. मग मी फ्रॉककडे वळले. पोट भरलं नाही, जेवण तुटलं की सहसा वजन आधी घटतं. उंची थांबून कंबर वाढते तेव्हा मनात थायरॉईड येतं. ताईंना विचारलं, शौचाला कसं होतं? "दोन-तीन दिवस जात नाही." थंडी? ताई हसल्या. "एप्रिलमध्ये आपल्या सोलापुरात पंखा बंद कर म्हणते, मॅडम. आम्ही नाजूक आहे म्हणून सोडून देत होतो."

डोकं दुखतं का, सकाळी उलटी होते का, फळ्यावरचं नीट दिसतं का, हेही विचारलं. त्यातलं काही असतं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं असतं, कारण मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीजवळच्या गाठीनेही वाढ थांबते. तसं काही नव्हतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉईडला कामाला लावणारं टीएसएच खूप वाढलेलं, थायरॉईड स्वतः बनवतं ते थायरॉक्सिन कमी. डाव्या मनगटाच्या एक्स-रेत हाडांचं वय सहाच्या आसपास. सासूबाईंना हे पटवणं अवघड गेलं. थायरॉईडची कमतरता असताना वयात येण्याची वाट पाहिली तर वाढीची वर्षं हातची जातात, आणि मग औषध देऊनही सगळी भरून निघत नाहीत, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. त्या ऐकत राहिल्या, पण गोळी सकाळी उपाशीपोटी द्यायची जबाबदारी मात्र स्वतःकडे घेतली.

गोळी सुरू झाल्यावर सहा महिन्यांत ती 4.4 सेंटिमीटर वाढली. उपचारानंतर सुरुवातीला मागे पडलेलं शरीर असं धावतं, हा वेग कायम राहत नाही. ताई आता दर महिन्याला मोजायला आणू का विचारतात. रक्ताच्या तपासणीला डॉक्टर सांगतील तेव्हा या, असं मी सांगितलंय. उंचीसाठी सहा महिन्यांनीच, आणि सकाळी.