संध्याकाळची झोप आणि रात्रीचं जागरण

"मॅडम, पोरगी बारावीला आहे. रात्री एकपर्यंत वाचते, पाचला उठून क्लासला पळते. वाचलेलं डोक्यात राहत नाही म्हणून रडते. रात्रीचं वाचन बंद करू, की क्लास?"

अमळनेरजवळच्या गावातून आलेल्या या आईला मी लगेच उत्तर दिलं नाही. मुलीला आठवडाभर वहीत झोपेच्या आणि अभ्यासाच्या वेळा लिहायला सांगितल्या. सव्वासहाचा क्लास, मग कॉलेज, दोनला घरी. हे आईला माहीत होतं. वहीत निघालं ते वेगळंच. जेवून थोडं मोबाइलवर, मग चारला "जरा पडते" म्हणून ती साडेसहापर्यंत गाढ झोपायची. उठल्यावर डोकं जड, म्हणून चहा. नऊला पुन्हा चहा. मग रात्री झोप येणार कुठून?

दिवसभर जागं राहिल्याने झोपेची ओढ साठत जाते. ती संध्याकाळीच खर्च झाली, त्यात चहा पडला, की रात्र लांबते. शिवाय या वयात शरीराला झोपेची वेळ मुळातच उशिरा कळते, त्यामुळे "नऊला झोप" म्हणून रागावणं फुकट जातं. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते आणि वाचलेलं पक्कं व्हायलाही झोप हवी असते. तिच्या रात्री चारच तास उरत होते. अकरानंतर एकच डेरिव्हेशन ती तीनदा लिहायची, सकाळी कोरा कागद.

आम्ही आधी संध्याकाळ बदलली. जेवण झालं की अडीचलाच 25 मिनिटांची डुलकी, गजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की गाढ झोप लागते आणि उठताना अंग मोडून येतं. चारनंतर पडायचं नाही, चहाही नाही. साडेचार ते साडेसात गणित आणि फिजिक्स, जेवणानंतर फक्त उजळणी. झोपायची वेळ दर तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे, सव्वादहापर्यंत. रविवारी अकरापर्यंत लोळणं बंद, साडेसहाला उठायचं. नाहीतर सोमवारची पहाट पुन्हा जड.

पहिला आठवडा वाईट गेला. संध्याकाळी ती वहीवरच पेंगायची. आईने पाच वाजता तिला अंगणात चालायला लावलं, तेवढ्यावर निभावलं.

तरी पाचला उठून रात्रीची झोप पावणेसातच तास होते, हे मी आईला स्पष्ट सांगितलं. म्हणून क्लासचा अभ्यासक्रम संपताच पहाटेचा गजर काढला. बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला असतो. त्याला पाचला उठायची गरज नाही, साडेसहा पुरे.

पुरेशी झोप मिळूनही तीन-चार आठवडे थकवा जात नसेल, तर वेळापत्रकाशी खेळत बसू नका. डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्या.