चार्ज आठ महिन्यांचा, पगार जुन्याच पदाचा

«माझी मुलगी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात उच्च श्रेणी लिपिक आहे. आठ महिन्यांपूर्वी तिचे कार्यालय अधीक्षक निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांचे सगळे काम तीच करते. बढती नाही, वाढीव पगारही नाही. मी जिल्हा परिषदेत ३४ वर्षे नोकरी केली आहे. फरकासाठी नोटीस मी लिहून ठेवली आहे, फक्त तिची सही हवी. ती टाळते आहे. तिला समजवा आणि तो पगार मिळेल का ते सांगा.» – एक वडील

आपल्या पत्रात मला पगारापेक्षा ती नोटीस अधिक खटकली. नोकरी मुलीची, सही तिची, उद्या ज्या साहेबांसमोर बसायचे तेही तिचे, आणि मजकूर मात्र आपण लिहून ठेवला आहे. ती सही का टाळते, हे आपण तिला विचारल्याचे पत्रात कुठेच दिसत नाही. कदाचित ती भित्री नसेल. हाती कोणता कागद आहे आणि कोणता नाही, हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. सगळा दावा त्या कागदावरच ठरतो.

वरच्या पदाचे काम काही महिने केले की त्या पदाचा पगार आपोआप लागू होतो, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात १९९१ मध्येच स्पष्ट केले की कनिष्ठ पदावरील माणसाला वरिष्ठ पदाची कामे पाहायला सांगणे म्हणजे त्याला बढती देणे नव्हे. याउलट १९९८ मध्ये पोर्ट ब्लेअरकडील एका प्राथमिक शिक्षकाला याच न्यायालयाने वरच्या पदाचे वेतन दिले. पण त्याच्या हातात रीतसर आदेश होता आणि त्याचे वेतन त्या वरच्या पदावरून काढले जाईल, असे त्या आदेशातच लिहिलेले होते.

आपला जिल्हा परिषदेतील अनुभव येथे फारसा उपयोगी नाही, कारण तेथे राज्याचे वेतन नियम चालतात आणि मुलीला केंद्राचा मूलभूत नियम ४९ लागू होतो. वरचे पद त्याच कार्यालयातले आणि तिच्याच बढतीच्या साखळीतले असेल, आणि सक्षम अधिकाऱ्याने लेखी आदेशाने त्याचा पूर्ण कार्यभार दिला असेल, तर त्या पदावर स्थानापन्न म्हणून जे वेतन मिळाले असते ते तिला मिळू शकते; मात्र तिची बढतीची पात्रता अजून पूर्ण झालेली नसेल, तर ते कमी करण्याचा अधिकार कार्यालयाला आहे. आदेशात केवळ ‘दैनंदिन स्वरूपाची कामे पाहावीत’ असे असेल, तर कितीही महिने झाले तरी वाढीव वेतन नाही. आदेशच नसेल, साहेबांनी तोंडी ‘बघून घे’ म्हटले असेल, तर पाया फारच कच्चा आहे.

म्हणून तिने प्रथम आदेशाची प्रत काढावी आणि गेल्या आठ महिन्यांतील कागद पाहावेत. पत्रांवर ‘कार्यालय अधीक्षक (प्रभारी)’ असा शिक्का आणि तिची सही आहे, की नोटशीटवर ती फक्त टिपण लिहिते आणि मंजुरीची सही दुसऱ्याच कुणाची असते? हजेरी आणि किरकोळ रजा कोण मंजूर करते? पूर्ण कार्यभार आणि नुसते टेबल सांभाळणे यांतला भेद येथे दिसतो.

रक्कमही पाहून घ्या. ती वेतनस्तर ४ मध्ये ३२,३०० रुपये मूळ वेतनावर आहे असे धरले, तर एक वेतनवाढ देऊन ३३,३०० होतात आणि स्तर ६ ची सुरुवात ३५,४०० पासून असल्याने वेतन तेथे निश्चित होईल. फरक महिन्याला ३,१००, आठ महिन्यांचा २४,८०० आणि त्यावरील महागाई भत्ता. यातून बढती किंवा ज्येष्ठता मिळत नाही. तो विषय विभागीय पदोन्नती समितीचा. एवढ्यासाठी घरात अबोला धरावा का, हे आपणच ठरवा.

आपली नोटीस मात्र फाडून टाका, कारण वकिली भाषेतील नोटीस ही येथे पहिली पायरीच नाही. तिने स्वतःच्या शब्दांत, आदेशाचा क्रमांक व दिनांक देऊन, योग्य मार्गाने निवेदन द्यावे आणि पोच ठेवावी. सहा महिन्यांत उत्तर न आल्यास पुढच्या एका वर्षाच्या आत केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येते. नकार आला, तर ते वर्ष नकाराच्या तारखेपासून धरतात. पुन्हा पुन्हा स्मरणपत्रे पाठवून ही मुदत वाढत नाही, आणि त्याच भ्रमात पुष्कळांचे दावे बुडतात.

आदेश ‘दैनंदिन कामा’चाच निघाला, तर निवेदनाचा विषयही बदलावा लागेल: मला पूर्ण कार्यभाराचा आदेश द्या, अन्यथा हे काम दुसऱ्याकडे सोपवा. हे वाक्य लिहायचे की नाही, हे तिलाच ठरवू द्या.